दूध निम्मं आटवायला घेतलं की दर वेळी कमीच का उरतं (आणि सुरुवातीला नक्की किती घ्यायचं)

माझा हा प्रॉब्लेम इतकी वर्षं होता की शेवटी मी तो स्वभावच समजून बसले होते. दूध आटवायचं, निम्मं होईपर्यंत म्हणजे निम्मं होईपर्यंत, डोळ्यात तेल घालून बघायचं, गॅस बंद करायचा, गार झाल्यावर वाट्या भरायला घेतल्या की दोन-तीन वाट्या कमी. एकदा कमी पडलं तर समजू शकते, पण प्रत्येक वेळी कमी, आणि कधी जास्त नाहीच, म्हणजे चूक कुठेतरी एकाच बाजूला होतेय हे उघड होतं. अंदाज चुकतो तेव्हा तो कधी इकडे कधी तिकडे चुकतो ना, सारखा एकाच दिशेला चुकत असेल तर मोजण्याच्या पद्धतीतच काहीतरी आहे.

शेवटच्या वेळी 2 लिटर दूध घेतलं होतं, हिशोबाने 1 लिटर उरायला हवं, थोडं भांड्याला चिकटलं वगैरे धरून साडेनऊशे मिली तरी. मापाने मोजलं तर जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे निम्म्याचंही निम्मं! मग मात्र मी हट्टालाच पेटले आणि रिकामी कढई, पाणी, मापाचा जग आणि पट्टी घेऊन बसले.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी भानगड कढईची निघाली. मी आटवत होते गोल बुडाच्या कढईत आणि निम्मं बघत होते उंचीवर. दूध सुरुवातीला कडेला जिथपर्यंत होतं तिथे एक रेघ धरायची आणि ते त्याच्या अर्ध्या उंचीवर आलं की झालं निम्मं, असं डोळे आपोआप करतात. उभ्या भिंतींच्या पातेल्यात हे बरोबरच आहे, कारण तिथे प्रत्येक सेंटीमीटरला सारखंच दूध मावतं. पण कढई वर रुंद आणि खाली निमुळती, त्यामुळे वरच्या सेंटीमीटरमध्ये भरपूर दूध असतं आणि तळाच्या सेंटीमीटरमध्ये चार घोट. उंची अर्धी झाली याचा अर्थ वरचा सगळा रुंद भाग उडून गेला आणि खाली वाटीचा तळ तेवढा राहिला.

माझ्या कढईत पाणी ओतून बघितलं. 2 लिटरला मध्यभागी खोली साधारण 7 सेंटीमीटर भरली. मग सगळं काढून फक्त 1 लिटर ओतलं तर खोली किती यावी? मी मनात साडेतीन धरलेलं, आली जवळपास 5. आणि पाणी काढत काढत साडेतीनला आणलं तेव्हा आत उरलं होतं साडेपाचशे मिलीच्या आसपास. म्हणजे मी इतकी वर्षं ‘निम्मं’ म्हणून जे करत होते ते खरं म्हणजे पाव भागापेक्षा जरासंच जास्त होतं. दूध घट्ट छान व्हायचं म्हणून कुणी तक्रार करत नव्हतं, फक्त पुरायचं नाही.

ज्यांना थोडी भूमिती आवडते त्यांच्यासाठी, भांडं अगदी अर्ध्या गोळ्यासारखं असेल आणि काठोकाठ भरलं असेल तर निम्मं दूध उरतं तेव्हा उंची मूळच्या साधारण 65 टक्के असते. पसरट कढईत तळाशी थोडंच दूध असेल तर ही उंची 70 टक्क्यांच्या आसपास जाते. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे गोल कढईत खोली तीनातली दोन हिश्शे उरली की थांबा, तेच निम्मं. आणि खोली अर्धी होऊ दिलीत तर भांड्यात पाव ते तिसरा हिस्सा एवढंच शिल्लक आहे असं समजा. किंचित बाहेर झुकलेल्या कडांच्या फ्राय पॅनमध्येही हे होतं पण कमी, तिथे फार डोकं लावायची गरज नाही.

आता हे सगळं टक्केवारीने करायची गरजच नाही कारण एक साधी युक्ती आहे आणि ती कुठल्याही आकाराच्या भांड्याला चालते. आधी सगळं दूध ओतूच नका. जेवढं उरायला हवंय तेवढंच आधी भांड्यात ओता, म्हणजे 2 लिटरचं 1 लिटर करायचं असेल तर आधी 1 लिटर. एक लाकडी चमचा किंवा उलथनं भांड्याच्या बरोबर मध्यभागी तळाला टेकवून सरळ उभं धरा आणि दूध जिथपर्यंत ओलं करतं तिथे खूण करा. मी लाकडी चमच्याला सुरीने बारीक खाच पाडते, ते नको असेल तर दोरा बांधा. मग उरलेलं दूध ओता आणि आटवायला ठेवा. अधूनमधून चमचा त्याच जागी उभा करून बघायचं, दूध खाचेला आलं की थांबायचं. मध्यभागीच टेकवायचं हे मात्र पाळा, कारण गोल बुडात जरा बाजूला टेकवलं तरी खोली कमी येते आणि तुम्हाला वाटतं झालं, पण झालेलं नसतं.

ही खाच बघताना अजून एक खोडी आहे, उकळतं दूध बघू नका. उकळी असताना फेस आणि बुडबुडे दूध वर उचलून धरतात, पातळी खरी असते त्यापेक्षा बोटभर वर दिसते. गॅस बंद करायचा, फेस बसेपर्यंत मिनिटभर थांबायचं आणि मग चमचा घालायचा. तरीही गरम दूध गार दुधापेक्षा फुगलेलं असतंच, साधारण 4 टक्के. खाच तुम्ही गार दुधावर केली होती, म्हणजे गरम दूध खाचेला टेकलं तेव्हा ते गार झाल्यावर 1 लिटरच्या जागी 960 मिलीच्या आसपास भरेल. घरच्यासाठी एवढं चालतं, पण ज्यांना वाट्या मोजून वाढायच्या आहेत त्यांनी खाचेच्या केसभर वरच थांबावं.

खरं सांगायचं तर आता मी चमच्याचा नाद फक्त दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात करते, स्वतःच्या घरी सरळ वजनकाटा वापरते. कारण वजनाला भांड्याचा आकार कळत नाही, फेस कळत नाही आणि गरम-गार कळत नाही. आटवताना भांड्यातून जातं ते फक्त पाणी, स्निग्धांश, साखर, प्रथिनं सगळं मागेच राहतं, आणि पाण्याचा 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम. म्हणून 2 लिटरमधून 1 लिटर उडवायचं असेल तर काट्यावर बरोबर 1000 ग्रॅम कमी व्हायला हवेत, बस. रिकाम्या भांड्याचं वजनसुद्धा वेगळं लागत नाही. दुधासकट भांडं सुरुवातीला काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवायचा, त्यातून जेवढं उडवायचं तेवढे ग्रॅम वजा करायचे, आणि तो नवा आकडा आला की गॅस बंद.

इथे एक चूक मी स्वतः केली होती ती सांगते. मी दुधाचं वजन निम्मं करायला गेले. 2 लिटर दुधाचं वजन 2060 ग्रॅमच्या आसपास भरतं, कारण दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण 1030 ग्रॅम. मी 1030 ग्रॅमवर थांबले, म्हणजे 30 ग्रॅम पाणी जास्त उडवलं. फरक फार नाही पण तत्त्व चुकलं, कारण आटलेलं दूध मूळ दुधापेक्षा अजून जड असतं, त्याचं वजन निम्मं केलं की व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली जातो. म्हणून नेहमी उडालेल्या पाण्याचं वजन धरा, उरलेल्या दुधाचं नको.

काट्यावर तापलेलं भांडं थेट ठेवू नका हं. लाकडी पोळपाट किंवा जाड फळी काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि मग भांडं, आकडा स्थिर झाला की लगेच उचला. आणि काट्याची क्षमता आधी बघून घ्या, घरगुती काटे बरेचदा 5 किलोपर्यंतच घेतात आणि जड बुडाचं पातेलं, दूध, फळी मिळून पटकन तिथपर्यंत पोचतं.

मोजायचं कसं ते झालं, आता सुरुवातीला किती घ्यायचं. कुणीही सांगेल की निम्मं करायचं म्हणजे दुप्पट घ्या, यात काय विशेष. पण माझ्या नणंदेने एकदा 8 जणांसाठी अगदी दुप्पट दूध घेऊन केलं आणि तरी मला फोन, "वहिनी, मी बरोबर मोजूनच थांबवलं गं, तरी शेवटच्या वाटीला खरवडून खरवडून घालावं लागलं." तिचं मोजणं बरोबरच होतं, तिने भांड्याला किती चिकटतं ते धरलं नव्हतं. तेव्हापासून मी हिशोब उलटा करते, म्हणजे वाढायच्या वाटीपासून मागे मागे दुधाच्या पिशवीपर्यंत.

समजा 8 जण, प्रत्येकाला 150 मिली, म्हणजे तयार झालेलं गोड आटीव दूध 1200 मिली हवं. यात साखर शेवटी जाणार आहे, समजा 150 ग्रॅम. साखर विरघळली की ती गायब होते असं आपल्याला वाटतं पण तसं नसतं, ती जागा घेते, 100 ग्रॅम साखर विरघळल्यावर साधारण 60 मिली वाढवते. 150 ग्रॅमचे झाले 90 मिली. म्हणजे दुधाचे हवेत 1200 वजा 90, 1110 मिली. आता यात भांड्याच्या कडेला सुकून चिकटलेली साय, चमच्याला लागलेलं, भांड्यातून दुसरीकडे काढताना तळाला राहणारा थर, हे सगळं मिळून माझ्याकडे 50 मिलीच्या आसपास जातं. ते मिळवले की 1160. आता हे दुप्पट करा, 2320 मिली. एवढं दूध घ्यायचं.

म्हणजे नुसतं डोळे झाकून दुप्पट केलं असतं तर 2400 घेतलं असतं आणि साखरेनंतर थोडं जास्तच झालं असतं, मग नणंदेचं कमी कसं पडलं? कारण तिने साखर फार थोडी घातली होती, तीही मोजून वजा केलेली, आणि दुसरं म्हणजे रुंद कढईच्या कडेला इतकी साय सुकवली होती की ते 50 नाही, 150 मिलीचं नुकसान होतं. हा चिकटण्याचा आकडा प्रत्येकाच्या भांड्याचा आणि हाताचा वेगळा असतो. एकदा काट्याने काढून ठेवा, दूध दुसऱ्या भांड्यात ओतून झाल्यावर खरकटं भांडं वजन करा आणि रिकाम्याचं वजन वजा करा, तुमचा आकडा मिळाला. तो भांडं बदलेपर्यंत साधारण तोच राहतो.

काट्याचा हिशोब याच उदाहरणात पुढे नेते. 2320 मिली दुधाचं वजन साधारण 2390 ग्रॅम, माझं पातेलं 900 ग्रॅमचं, मिळून 3290. उडवायचंय 1160. म्हणजे काट्यावर 2130 आलं की दूध निम्मं झालं. मग साखर घालायची, विरघळेपर्यंत ढवळायचं आणि उतरवायचं. साखर विरघळवताना जी चार-पाच मिनिटं गॅस चालू राहतो त्यातही पन्नासेक ग्रॅम उडतात, म्हणून मी 2180 लाच साखर घालते. लोक इथेच फसतात, मोजून झालं की निर्धास्त होतात आणि मग अजून दहा मिनिटं उकळत ठेवतात.

साखर आधीच घातली तर? नका घालू. एक तर गोड दूध बुडाला फार लवकर लागतं, आणि हिशोबही फिरतो. 2 लिटर दुधात 200 ग्रॅम साखर आधी घातली आणि 1 लिटरच्या खाचेपर्यंत आटवलं तर त्या 1 लिटरमध्ये सव्वाशे मिलीच्या आसपास जागा साखरेनेच घेतलेली असते, म्हणजे दूध स्वतः निम्म्यापेक्षा बरंच जास्त आटलं. चव बिघडत नाही पण मग घट्ट का झालं याचं कारण शोधत बसावं लागतं.

भाषेचाही एक घोळ आहे तो इथेच सांगून टाकते. ‘तिसरा हिस्सा आटवा’ आणि ‘तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवा’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात 3 लिटरचे 2 राहतात, दुसऱ्यात 1. निम्म्याच्या बाबतीत दोन्हीचा अर्थ एकच निघतो म्हणून तिथे हा घोळ कळून येत नाही, आणि मग तीच सवय तिसऱ्या हिश्शाला लावली की गडबड. कुठलाही हिस्सा असो, उरायला हवं ते त्या उरलेल्या हिश्शाने भागायचं. तिसरा हिस्सा उरवायचा असेल तर हव्या त्या मापाच्या तिप्पट, दोन तृतीयांश उरवायचे असतील तर दीडपट.

आता वेळेबद्दल, कारण ‘बरोबर 40 मिनिटं आटवलं तरी निम्मं झालं नाही’ ही दुसरी नेहमीची तक्रार. मिनिटांवर जाऊच नका. पाणी उकळायला आणतो त्यापेक्षा त्याची वाफ करायला कितीतरी पटीने जास्त उष्णता लागते, फ्रीजमधलं 1 लिटर दूध उकळीपर्यंत आणायला जेवढी लागते त्याच्या तिप्पट उष्णता त्यातलं अर्धा लिटर पाणी उडवायला लागते. म्हणजे किती वेळ लागणार हे तुमची आच किती आणि उडवायचं पाणी किती यावर ठरतं. दूध दुप्पट घेतलंत आणि गॅस तोच, तर वेळ दुप्पट, यातून सुटका नाही. पाककृती लिहिणाऱ्याने अर्धा लिटर दूध मोठ्या आचेवर आटवलं असेल आणि तुम्ही 2 लिटर बारीक आचेवर, तर त्याची मिनिटं तुमच्या काय कामाची.

त्याऐवजी स्वतःचा वेग काढा. दूध उकळायला लागल्यावर काट्यावर एक आकडा घ्या, 10 मिनिटांनी दुसरा. माझ्या मध्यम आचेवर 10 मिनिटांत साधारण 150 ग्रॅम जातात. वरच्या उदाहरणात 1160 उडवायचे, म्हणजे पावणेआठ वेळा 10 मिनिटं, सव्वा तासाच्या थोडं वर. शेवटी दूध घट्ट झालं की आच कमी करावीच लागते म्हणून दीड तास धरते. हा आकडा आधी कळला की संध्याकाळी 7 ला पाहिजे असलेलं दूध साडेसहाला चढवण्याचा वेडेपणा होत नाही (केलाय मी तोही).

वेग फारच कमी वाटत असेल तर दोन गोष्टी बघा. एक, झाकण. अर्धवट झाकलं तरी वाफ झाकणाला लागून परत आत ठिबकते. उतू जाईल या भीतीने झाकण ठेवण्यापेक्षा मोठं भांडं घ्या आणि ढवळत राहा. दुसरी गोष्ट साय, बारीक आचेवर वर जाड साय धरली की ती झाकणासारखंच काम करते, वाफ निघत नाही. म्हणून दर काही मिनिटांनी साय मोडून आत ढकलायची आणि कडेला सुकलेली उलथन्याने खरवडून दुधात घ्यायची, ती कडेलाच राहिली तर शेवटी तेवढं दूध कमी मिळणारच. दूध जोरात उकळत असेल तर भांड्याच्या रुंदीने फारसा फरक पडत नाही, जी काही उष्णता आत जाते तेवढं पाणी उडतं, पण मंद आचेवर, नुसतं थरथरत असताना, रुंद भांडं खूपच लवकर आटवतं. आणि एवढा वेळ जोरात उकळलं तर बुडाला लागायची भीती, त्यामुळे रुंद, जाड बुडाचं आणि सरळ भिंतींचं पातेलं हे मला सगळ्यात सोयीचं पडतं. गोल कढई कपाटात गेली.

बुडाला लागलंच तर खरवडू नका. उलथनं तळाला घासलं आणि खरखरीत लागलं की आच बंद, वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात, तळाचा थर तिथेच सोडा. मग मात्र काट्याचा हिशोब नव्याने करावा लागतो, कारण आता काही दूध मागे राहिलंय. नवीन भांड्यातलं दूध जगने मोजा, आणि मूळच्या निम्म्यापेक्षा किती वर आहे ते बघून तेवढं पाणी पुढे उडवा, थोडं कमीच.

कधी कधी दूध आटता आटता शेवटाकडे फाटतं, सुरुवातीच्या उकळीला काहीच झालेलं नसतं. हे भांड्याचं नाही, दुधाचं असतं. दूध थोडं शिळं, आंबटपणाकडे झुकलेलं असेल तर पहिली उकळी ते सहन करतं, पण पाणी निघून गेलं की तोच आंबटपणा आणि क्षार कमी जागेत दाटतात आणि मग ते फुटतं. आटवायला घ्यायचं दूध ताजंच हवं, उकळून तर टिकलं ना मग आटेलही, हे लॉजिक चालत नाही.

आणि जास्त आटलंच तर? म्हणजे मूळ कथेतलं माझं सव्वापाचशे. मी त्यात काय केलं तर ताजं दूध ओतलं, कारण पाणी घातलं की पातळ होईल अशी भीती. विचार केला तर गंमत आहे, जे जास्तीचं उडून गेलं ते पाणीच होतं ना, मग पाणीच परत घातलं तर बरोबर तिथेच येतं जिथे थांबायला हवं होतं. गरम पाणी थोडं थोडं घालून ढवळत काट्यावरच्या ठरलेल्या आकड्यापर्यंत आणा. ताजं दूध घातलं तर ते निम्म्याच्या आटीव दुधापेक्षा घट्ट होतं, कारण आता तेवढ्याच जागेत अडीच लिटर दुधाचा ऐवज आहे, वाईट काहीच नाही, फक्त हिशोबातलं नाही. पाणी घालून माप परत येतं, पण जास्त वेळ शिजल्याचा रंग आणि खमंगपणा परत जात नाही, आणि फारच दाट होऊन कणी पडली असेल तर ती पाण्यात पूर्ण विरघळेलच असं नाही.

सॉसला हाच हिशोब लागतो पण दोन ठिकाणी तो वेगळा वागतो. टोमॅटोच्या प्युरीत साधारण 94-95 टक्के पाणीच असतं, त्यामुळे नुसती गाळलेली प्युरी असेल तर निम्मी करणं सोपं, दुधासारखंच वजा करा आणि थांबा, ढवळत राहा आणि हात जपा कारण ती उडते फार. पण सॉसमध्ये तुकडे असतील, कांदा, भाज्या, काहीही, तर ‘निम्मं’ कशाचं ते आधी ठरवा. 1 लिटर सॉसमध्ये 300 मिली जागा तुकड्यांची असेल तर रस 700 मिली आहे. रस निम्मा केलात तर 350 राहील आणि तुकडे धरून एकूण 650. तुम्ही जर भांड्यातली पातळी 500 ला येईपर्यंत बसलात तर रस 200 वर आला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्याही खाली, आणि सॉस तळाला लागणार. तेलाचंही तसंच, ते उडत नाही, वर तरंगत राहतं आणि पातळीत मोजलं जातं. म्हणून शक्य असेल तर रस आधी गाळून वेगळा आटवा आणि तुकडे नंतर घाला.

दुसरी जागा मिठाची. पाणी निम्मं झालं की खारटपणा दुप्पट होतो, कारण मीठ कुठेच जात नाही. सुरुवातीला चाखून ‘अगदी बरोबर’ वाटलेला रस शेवटी तोंडात धरवत नाही तो याचमुळे. मीठ शेवटच्या मापावर घाला, आणि रसात आधीपासूनच मीठ असेल, विकतचा स्टॉक वगैरे, तर सुरुवातीला तो अळणीच लागायला हवा. आधीच बरोबर लागत असेल तर त्याला निम्मा आटवायच्या फंदात पडू नका, किंवा त्यातला अर्धा बाजूला काढून तेवढंच साधं पाणी घालून मग आटवा. कॉर्नफ्लोअर किंवा मैदा लावून दाट करायचा असेल तर तोही निम्मं झाल्यावरच, आधी लावला की सॉस पाणी उडून नाही तर पिठाने दाट होतो, निम्म्याच्या खूप आधीच घट्ट दिसतो, आपण थांबतो आणि मग माप जास्त, चव मात्र पातळ.

त्या कढईचं पुढे काय झालं असं नणंद विचारत होती, तर ती तळणासाठी आहे आता. आणि लाकडी चमच्यावर चार खाचा झाल्यात, एकेका भांड्याची एकेक, कुठली कुणाची ते मात्र मलाच आठवत नाही म्हणून शेवटी काटाच काढते.